दूधगाडीची वाट

१०८ क्रमांकावर येणारे फोन घेण्याचे काम मी करते. जत तालुक्यातून रात्री पावणेबाराच्या सुमारास आलेल्या फोनवरचा मुलगा सांगत होता, की शेतावरची मोटर चालू करायला गेलेल्या वहिनीच्या पायाला साप चावला आहे आणि वस्तीचे नाव ‘पाटील मळा’ आहे. शेतात घर बांधून राहणाऱ्यांच्या वस्त्या बहुधा आडनावानेच ओळखल्या जातात, त्यामुळे एका तालुक्यात पाटील मळे किती निघतील याचा नेम नाही. मोबाइलच्या टॉवरवरून येणारा अंदाजही कित्येक गावे सामावतील इतका ढोबळ होता.

“गट नंबर सांगू का, मॅडम?” त्याने विचारले. गट क्रमांक सातबाऱ्यावर असतो, रस्त्यावर नसतो. रुग्णवाहिका चालवणाऱ्या पायलटला त्याचा काय उपयोग? “एसटीने आलात तर कुठे उतरता?” या प्रश्नावर मात्र त्याने पटकन फाट्याचे नाव घेतले आणि पुढे म्हणाला, “तिथनं डाव्या हाताला वळा, ओढा ओलांडला की हाकेवर घर.”

मी ते तसेच पुढे कळवले आणि तिथेच चुकले. तालुक्याहून घरी येताना लागणारा तो डावा हात होता. जवळची रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असल्यामुळे आमची गाडी विरुद्ध बाजूने येत होती आणि तिच्यासाठी ते वळण उजवे होते. गाडी डावीकडे वळून एका द्राक्षबागेच्या कुंपणाशी थांबली आणि अरुंद वाटेवरून उलटी काढण्यात आठ-दहा मिनिटे गेली.

तेवढ्यात ओढ्याची शंका माझ्या मनात आली. ओढ्यात पाणी नव्हते, पण वाळू होती. मोटरसायकल निघते तिथे रुग्णवाहिका रुतते. मी विचारले, “दुधाची गाडी दारात येते ना? ती कुठून येते?” “ती होय? ती मागनं, पाझर तलावाच्या भरावावरनं येते,” तो म्हणाला. म्हणजे फाट्यावर वळायचेच नव्हते. फाटा मागे टाकून दीड-दोन किलोमीटर पुढे जायचे होते. तिथली खूण त्याने चिंचेचे झाड अशी सांगितली, पण अंधारात सगळी झाडे सारखीच दिसतात. म्हणून त्याला मोटरसायकल घेऊन त्या वळणावर उभे राहायला आणि हेडलाइट बंद ठेवून इंडिकेटर चालू ठेवायला सांगितले, कारण समोरून हेडलाइट पडला तर पायलटचे डोळे दिपतात. पायलटलाही त्याच लाइनवर घेतले. घरच्यांनी वहिनीच्या पायाला दोरी बांधू नये आणि तिला चालवू नये, एवढा निरोप तो निघण्याआधी त्याच्याकडून घरात पोचवला होता.

“लुकलुकतंय, दिसलं,” पायलट म्हणाला. तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. ग्रामीण रुग्णालयात तिला सर्पविषावरचे औषध सुरू झाल्याचे कळल्यावर मी त्या फोनच्या नोंदीत ‘दूधगाडीच्या वाटेने, ओढ्यातून नाही’ असे लिहिले, आणि डाव्या-उजव्याऐवजी ‘तलाव असलेल्या बाजूला’ अशी दुरुस्ती केली.