सात टक्क्यांवरून पाच टक्के

मॅनेजमेंट ट्रेनीच्या एका जागेसाठी आलेल्या अर्जांपैकी आज माझा बहुतेक वेळ एकाच अर्जावर गेला. मुलगी यंदाच मेकॅनिकल इंजिनिअर झालेली. बायोडाट्यात सर्वांत वर शिरोलीच्या एका फाउंड्रीतली, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यातली, सहा आठवड्यांची इंटर्नशिप होती आणि त्याखाली लिहिले होते, ‘कास्टिंगचे रिजेक्शन 7 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणले.’

हे टक्के नगांवर काढले की वजनावर, आणि दोष कोणता होता, असे मी तिला विचारले. नगांवर काढले होते आणि दोष साच्यातली वाळू सुटून कास्टिंगमध्ये अडकण्याचा होता, असे तिने न अडखळता सांगितले. तिने पाळीनुसार नोंदी ठेवल्या, तेव्हा पाळीच्या शेवटच्या तासांत खराब नग वाढत असल्याचे दिसले; कारण वापरलेल्या साच्यांतून पुन्हा वापरासाठी परत येणारी वाळू तोवर पुरेशी थंड होत नव्हती, गरम वाळूतला ओलावा मोल्डिंग मशीनपर्यंत पोचेतो उडून जाई आणि साच्याच्या कडा ठिसूळ होत. बदल कोणी केला, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सर, निर्णय सुपरवायझर साहेबांचा होता, मी फक्त नोंदी दाखवल्या.” हे उत्तर मला बायोडाट्यातल्या वाक्यापेक्षा मोलाचे वाटले.

आकड्याला मात्र मी फारसे वजन दिले नाही. आधीच्या 400 नगांत 28 खराब निघाले होते, नंतरच्या 400 नगांत 20. आठ नगांचा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, आणि तेवढ्यावरून सुधारणा सिद्ध होत नाही. कारणापर्यंत ती ज्या रीतीने पोचली, ती रीत खरी आहे.

गुणपत्रकातला एकूण सीजीपीए 6.9 पाहून आमच्यापैकी एकाने अर्ज बाजूला ठेवण्याचे सुचवले. मी सत्रवार आकडे पाहिले: तिसऱ्या सत्रात 5.4, पुढे चढत जाऊन शेवटच्या दोन सत्रांत 8 च्या वर. सरासरीत हा चढ झाकला जातो. एखादा विषय दोनदा राहिला असता तर मीही थांबलो असतो. तसे काही नव्हते.

नेतृत्वाच्या रकान्यात टेकफेस्टची समन्वयक आणि वसतिगृहाच्या मेसची सचिव अशी दोन पदे होती. पहिल्याबद्दल तिला फार सांगता आले नाही. मेसबद्दल मात्र थकलेली बिले कशी वसूल केली, भाजीवाला बदलताना जुन्या आचाऱ्याचा विरोध कसा मिटवला, हे तिने तपशिलाने सांगितले. ट्रेनीला वर्षभर एकेका विभागात फिरून, हाती अधिकार नसताना, वयाने मोठ्या माणसांकडून काम करून घ्यावे लागते, म्हणून तिची निवड करताना मी या अनुभवाला सीजीपीएपेक्षा वर ठेवले.

पहिली नेमणूक डिस्पॅचऐवजी सँड लॅबमध्ये द्यावी, असे शिफारशीत लिहिले आहे.