कुटलेली गोळी

रुग्णालयाच्या औषध विभागात काम करताना ‘ही गोळी लागू पडत नाही’ ही तक्रार नेहमीच कानावर येते. त्या दिवशी एक गृहस्थ आईची औषधे घेऊन आले आणि म्हणाले, “पँटोप्राझोल रोज देतोय, तरी तिची छातीतली जळजळ थांबत नाही.” मात्रा ४० मिलिग्रॅमची होती, वेळही न्याहारीपूर्वीची होती. गोळी कशी देता, असे विचारल्यावर उलगडा झाला. आईला गिळायला त्रास होतो, म्हणून ते प्रत्येक गोळी कुटून पाण्यातून देत होते.

पँटोप्राझोल जठरातील आम्लात विघटित होते, म्हणून त्या गोळीवर एन्टेरिक आवरण असते. हे आवरण आम्लात टिकते आणि आम्लता कमी झालेल्या लहान आतड्यात विरघळते. तेथून औषध रक्तात शोषले जाते आणि रक्तामार्गेच जठरातील आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते. जठराच्या औषधाने जठर चुकवून जावे, हे ऐकून ते चकित झाले, आणि ते स्वाभाविकच होते. गोळी कुटली की आवरण मोडते आणि बरेचसे औषध आम्लातच वाया जाते. अशी गोळी अखंडच गिळावी लागते. पाकिटावर ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ असे लिहिलेले असेल, तर ती कुटायची किंवा तोडायची नाही, हे ओळखता येते.

त्यांच्या पिशवीत चघळायची अँटासिडची गोळीही होती. तिचे तुकडे करून ते आईला गिळायला लावत. ही गोळी नीट चावल्यावर तिचा चुरा जठरात पसरून आम्लाशी लवकर संयोग पावतो; मोठे तुकडे तसेच गिळले, तर परिणाम उशिरा होतो, शिवाय गिळण्याचा त्रास असलेल्यांच्या घशात ते अडकू शकतात.

मी डॉक्टरांशी बोलले आणि त्यांनी पँटोप्राझोलऐवजी तोंडात विरघळणारी लॅन्सोप्राझोलची गोळी लिहून दिली. ती कोरड्या हातांनी हाताळायची, कारण ओलाव्याने ती पाकिटातून काढतानाच सुटू लागते; पाकिटाची फॉइल सोलायची, गोळी दाबून बाहेर काढायची नाही, कारण ती ठिसूळ असते. जिभेवर ठेवल्यावर सुमारे मिनिटभरात ती विखुरते आणि लाळेबरोबर गिळता येते. यामुळे औषध तोंडातूनच रक्तात जाते असा समज होतो, पण अशा बहुतेक गोळ्यांचे औषध नेहमीप्रमाणे आतड्यातूनच शोषले जाते. सोय गिळण्याची आहे, वेगाची नव्हे.

या विशिष्ट गोळीची एक खुबी मात्र मी त्यांना मुद्दाम दोनदा सांगितली. गोळी विखुरल्यावर जिभेला जे बारीक कण जाणवतात, त्या प्रत्येक कणावर स्वतंत्र एन्टेरिक आवरण असते. म्हणून ते कण चावायचे नाहीत, लाळेबरोबर तसेच गिळायचे. चावले, तर कुटण्यासारखेच होईल.