बेड सातसाठी केलेले दोन फोन

त्या रात्री मी एकाच पेशंटसाठी एकाच डॉक्टरांना दोनदा फोन केला. पहिला 1 वाजून 20 मिनिटांनी, दुसरा सव्वादोनला. पहिल्या फोनवर मला "पॅरासिटामॉल द्या आणि वॉच करा" एवढंच मिळालं. दुसऱ्यानंतर पंधरा मिनिटांत सर वॉर्डात हजर होते. मधल्या पंचावन्न मिनिटांत पेशंट आणखी थोडे ढासळले होते, हे खरं. पण जवळपास सगळी लक्षणं पहिल्या फोनच्या वेळीही होती. ती मी सांगितली नव्हती, काही तर पाहिलीच नव्हती.

बेड सातचे काका 64 वर्षांचे. मोठ्या आतड्याचा गाठ असलेला भाग काढून दोन टोकं जोडली होती, त्याचा चौथा दिवस. हँडओव्हरमध्ये "बेड सात स्टेबल" असं ऐकलं आणि मीही तसंच मनात धरून चालले. रात्री दहाच्या चार्टवर श्वास 18, पल्स 88, बी.पी. 128/80, सॅच्युरेशन 96, ताप 99.6. एकच्या राउंडला अंग गरम लागलं, पल्स शंभरच्या वर गेलेली, काका कुशीवरून कुशीवर होत होते. मी फोन लावला.

काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर ते बरेचदा मनात घोळवलं. "सर, सॉरी, झोपमोड केली. ते बेड सातचे काका आहेत ना, ते जरा अस्वस्थ वाटतायत. ताप आहे थोडा. पल्स पण थोडी वाढलीय. बी.पी. तसं ठीक आहे, 108." सरांनी विचारलं, "ऑपरेशन कशाचं?" मी म्हणाले, "पोटाचं." मग पॅरासिटामॉल. फोन ठेवला आणि चार्टवर लिहिलं, "डॉक्टरांना कळवले." आता वाचते तेव्हा प्रश्न पडतो, काय कळवलं होतं मी? "जरा", "थोडा", "तसं ठीक" हे शब्द ऐकून अंधारात पडलेला माणूस उठून का येईल? मीही आले नसते.

दोनच्या सुमारास त्यांच्या पत्नी स्टेशनवर आल्या. "सिस्टर, हे असं बोलत नाहीत कधी. तिसऱ्यांदा विचारतायत, माझ्या चपला कुठे ठेवल्या म्हणून." मी बेडपाशी गेले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि चौथ्यांदा तेच विचारलं.

आमच्या सिनियर सिस्टर शेजारच्या वॉर्डात होत्या, त्यांना बोलावलं. त्यांनी आधी चार्ट पाहिला. श्वासाच्या रकान्यावर बोट ठेवलं. दिवसभर 18, 18, 18, 18. "हे कुणी मोजलंय?" कुणीच मोजलेलं नव्हतं, वरचा आकडा खाली उतरत आला होता. एकच्या राउंडला मीसुद्धा 18च लिहिला होता. मी घड्याळ समोर धरून, मनगट हातात घेतल्याचं दाखवत, पूर्ण मिनिटभर छाती मोजली. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो, म्हणून ही युक्ती. 26 भरले. सॅच्युरेशन 93, पल्स 108, बी.पी. 104/66, ताप 101. युरोबॅग पाहिली तर अकरापासून तीन तासांत जेमतेम 60 मिली लघवी. सत्तर किलोच्या माणसाला तासाला निदान 35 मिली तरी हवी, म्हणजे तीन तासांची शंभराच्या वर. पोटावर हात ठेवला तर ताठ आणि दुखरं. सॅच्युरेशनचा आकडा टिपून झाल्यावर काकांना उशी देऊन टेकवून बसवलं आणि ऑक्सिजन चालू केला, तेवढ्याची परवानगी आमच्या वॉर्डात आधीपासून आहे.

"आता लगेच फोन करू नकोस," सिनियर सिस्टर म्हणाल्या. "दोन मिनिटं लिही." फोनजवळच्या पॅडवर एसबारचे चार चौकोन छापलेले असतात. एस म्हणजे सिच्युएशन, आत्ता काय चाललंय. बी म्हणजे बॅकग्राउंड, ऐकणाऱ्याला माहीत नसलेली पण लागणारी मागची माहिती. ए म्हणजे असेसमेंट, मला काय वाटतंय. आर म्हणजे रेकमेंडेशन, मला तुमच्याकडून काय हवंय. ही पद्धत मूळची अमेरिकेच्या नौदलातली, अणुपाणबुड्यांवरची. तिथून ती दवाखान्यांत आली. ट्रेनिंगमध्ये शिकले होते, परीक्षेत चारही अक्षरांची फोड लिहून मार्क मिळवले होते. खऱ्या पेशंटसाठी तो पॅड मी त्या रात्री पहिल्यांदा भरला.

एस सोपा गेला. न्यूज स्कोअर काढला, म्हणजे श्वास, पल्स, बी.पी. असा प्रत्येक आकडा किती बिघडलाय त्याप्रमाणे गुण दिले. श्वासाचे 3, सॅच्युरेशनचे 2, बी.पी.चा 1, पल्सचा 1, तापाचा 1 असे आठ. बोलण्यातला नवा गोंधळ धरला की आणखी 3, एकूण 11. सात किंवा त्याहून जास्त म्हणजे तातडीची बाब. गंमत अशी की बी.पी. आणि पल्स, ज्यांवर माझा सगळा पहिला फोन उभा होता, त्यांचे मिळून दोनच गुण होते.

बी भरताना सिनियर सिस्टरांनी जुना केसपेपर उघडायला लावला. काकांचं घरचं बी.पी. 150च्या आसपास आणि त्यासाठी मेटोप्रोलॉल चालू. इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. 108 हे माझ्यासाठी "तसं ठीक" होतं, पण 150ची सवय असलेल्या शरीरासाठी ती मोठी घसरण होती. मेटोप्रोलॉल पल्सला चढू देत नाही. म्हणजे त्या गोळीखाली पल्स 108 असेल, तर गोळी नसती तर ती किती असती? आकडे तेच, पण मागची दोन वाक्यं जोडली की त्यांचा अर्थ उलटतो. बीमध्ये सगळा इतिहास ओतायचा मोहही तिथेच होतो. मी त्यांचं जुनं गुडघ्याचं ऑपरेशनही लिहिलं होतं. सिस्टरांनी त्यावर आडवी रेघ मारली.

अडले ते एपाशी. "मी काय सांगणार? निदान करणं आपलं काम आहे का?" त्या म्हणाल्या, "निदान नको सांगूस. तुला कसली भीती वाटतेय ते सांग. आणि काही सुचत नसेल तर 'काय झालंय कळत नाही, पण पेशंट झपाट्याने ढासळतोय' एवढं म्हण, तेही चालतं." मला भीती वाटत होती ती आतड्याच्या जोडाची. चौथा दिवस, ताप, ताठ पोट. ते लिहिलं.

आरमध्ये मी आधी लिहिलं, "कृपया पेशंट पाहावा." त्यांनी विचारलं, "कधी? उद्याच्या राउंडला?"

सव्वादोनला चार्ट, औषधांचा कागद आणि पॅड समोर ठेवून फोन लावला. या वेळी सॉरी नाही. आधी माझं नाव, वॉर्ड आणि पेशंटचं पूर्ण नाव सांगितलं. मग वाचत गेले, ते असं:

"सर, सर्जिकल वॉर्ड, बेड सात, वय 64. पेशंट ढासळतायत, न्यूज स्कोअर 11 आहे. श्वास मी स्वतः मोजला, 26. सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय 93, बी.पी. 104/66, पल्स 108, ताप 101, आणि बोलण्यात नवा गोंधळ आहे. मोठ्या आतड्याचं रिसेक्शन आणि जोड, चौथा दिवस. नेहमीचं बी.पी. 150 असतं आणि मेटोप्रोलॉल चालू आहे. तीन तासांत लघवी 60 मिली. औषधांची अ‍ॅलर्जी नाही. पोट ताठ आणि दुखरं आहे. मला सेप्सिसची शंका येतेय, जोड गळत असेल अशी भीती वाटतेय. तुम्ही 15 मिनिटांत येऊन पाहावं. ऑक्सिजन चालू केलाय. तुम्ही येईपर्यंत दुसरी व्हेन लावून ब्लड कल्चर आणि लॅक्टेट घेऊ का? सलाइन किती देऊ?"

हे बोलायला मिनिटही लागलं नसेल. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग आवाजच वेगळा. "लॅक्टेट, कल्चर घ्या. आरएल 500 मिली, पंधरा मिनिटांत. पण मी कॅज्युअल्टीत अडकलोय, अर्धा तास तरी लागेल."

पूर्वीची मी इथे "बरं सर" म्हणून फोन ठेवला असता. पॅडवर आरच्या चौकोनात खाली बारीक अक्षरात सिस्टरांनी लिहून ठेवलं होतं, "उशीर होणार असेल तर पुढे कुणाला?" मी विचारलं, "सर, अर्धा तास लागणार असेल तर मी रजिस्ट्रारना आत्ताच कळवू का?" मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "कळवा. आणि इथे कुणाला तरी उभं करून मीही निघतो." ऑर्डर परत वाचून दाखवली. आरएल 500 मिली, पंधरा मिनिटांत, लॅक्टेट, ब्लड कल्चर, रजिस्ट्रारना फोन. "बरोबर," म्हणाले. परत वाचणं वेळखाऊ वाटतं खरं, पण रात्रीच्या फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात.

एक गोष्ट मध्येच सांगते. काकांचा श्वास थांबत असता किंवा ते हाकेला ओ देत नसते, तर हा पॅड बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी टीमला बोलवायचं असतं. चौकोन भरत बसायचं नसतं.

पुढचं भराभर झालं. अडीचला सर आले. लॅक्टेट 4.2 आला, म्हणजे बराच वाढलेला. कल्चर गेल्यावर लगेच अँटिबायोटिक सुरू झालं. रजिस्ट्रारनी पोटावर हात ठेवला आणि सीटीला फोन लावला. सीटीत जोडाजवळ हवा आणि पाणी दिसलं. साडेपाचला काका ओटीत गेले. त्यांच्या पत्नीच्या हातात त्यांच्या चपलांची पिशवी होती.

ट्रॉली गेल्यावर सर स्टेशनवर नोट्स लिहायला बसले. चार्ट मागे मागे उलटत गेले आणि 1:20च्या ओळीवर थांबले. माझं "डॉक्टरांना कळवले" तिथेच होतं.

"सिस्टर, पहिला फोन केलात तेव्हा श्वास किती होता?"

"चार्टवर 18 आहे सर," मी म्हणाले. "पण मोजला नव्हता."

त्यांनी पेन उचललं, क्षणभर थांबले. "मीही विचारलं नव्हतं," म्हणाले, आणि लिहायला लागले.