कंपनीचा फोटो आणि पंख्यामागचा दोरा

गेल्या आषाढात मालवणला आमच्या होडीचं आउटबोर्ड इंजिन कायमचं बसलं. नारळी पौर्णिमेनंतर बाबांना कांडाळी जाळी घेऊन समुद्रात जायचं होतं आणि नवीन इंजिनाइतके पैसे हातात नव्हते. म्हणून जुनं शोधायचं ठरलं, आणि फोनवरचा सगळा व्यवहार माझ्याकडे आला.

दोन दिवसांत हवं तसं सापडलं. ९.९ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, किंमत पंच्याऐंशी हजार. विकणारा अलिबागकडचा. सोबत तीन फोटो होते, पांढऱ्या भिंतीसमोर चकचकीत इंजिन, एक ओरखडा नाही. "मागणी खूप आहे, पाच हजार टोकन टाका, मी धरून ठेवतो," असं तो म्हणाला. मी टाकणारच होते. बाबांनी फोटो बघून एवढंच विचारलं, "ह्या इंजिनाक मीठ खय लागला गो?"

खरंच, समुद्रात चार वर्षं चाललेल्या इंजिनावर मिठाची एक रेघही नव्हती. मी तो फोटो गूगल लेन्सवर टाकला. तोच फोटो दुसऱ्या दोन जाहिरातींत होता आणि मूळचा निघाला कंपनीच्या कॅटलॉगमधला. विकणाऱ्याने तो फसवायलाच टाकला असेल असं मी म्हणत नाही, बरेच जण आळसानेही टाकतात. पण तो फोटो त्या मॉडेलचा असतो, आपण ज्याचे पैसे देणार त्या नगाचा नसतो. ते इंजिन बुडालं होतं का, गिअरबॉक्समध्ये पाणी गेलंय का, हे त्यातून कळत नाहीच. इतकंच काय, दांडा आखूड आहे की लांब हेसुद्धा कळत नाही, कारण शेजारी मापाला काही नसतं.

दांड्याचं माप आमच्यासाठी सगळ्यात आधी होतं. इंजिन होडीच्या मागच्या फळीवर जिथे बसतं तिथपासून पंख्याच्या वर असलेल्या आडव्या पातीपर्यंत मोजतात. आखूड दांडा साधारण १५ इंच, लांब २० इंच. आमची फळी वीस इंचाची. तिथे आखूड दांडा लावला तर लाटेवर पंखा हवा घेतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि होडी पुढे जात नाही.

बंदरावरच्या मेस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी बिडी विझवली आणि कुठले फोटो मागायचे ते सांगितलं. मी तसेच मागितले. इंजिनाच्या नंबराची पट्टी, आणि त्याच फोटोत कागदावर हाताने लिहिलेलं माझं नाव आणि आजची तारीख. मग टेप धरून बाजूने दांडा. वरचं कव्हर काढून दोन्ही बाजू. झिंकचा तुकडा जवळून. आणि पंखा काढून त्यामागचा शाफ्ट. सगळे दिवसाच्या उजेडात काढायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाहीतर फोटो दाबला जातो आणि बारीक गंज पुसट होतो.

विकणाऱ्याला राग आला. "ताई, एवढं कोण मागतं?" पण दोन दिवसांनी चार फोटो आले. कागदाचा आला नाही, टेपचाही नाही.

जे आले त्यातूनच पुष्कळ कळलं. कव्हर काढलेल्या फोटोत सगळं एकसारखं राखाडी होतं. सिलिंडरवर रंग, बोल्टच्या डोक्यांवर रंग, अगदी वायर आणि रबरी नळीवरही रंग. कंपनी नळीवर रंग मारत नाही. मेस्त्रीकाकांनी फोटो मोठा करून सिलिंडर हेडच्या कडेला बोट ठेवलं. तिथे नव्या रंगाखाली फोड आले होते. आत मीठ धरलं की रंग असा फुगतो.

मग झिंक. हा धातूचा तुकडा खालच्या भागात मुद्दाम बसवलेला असतो. खारं पाणी आधी त्याला खातं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची बॉडी वाचते. मला वाटलं होतं गुळगुळीत झिंक म्हणजे चांगलं इंजिन. उलट आहे. अर्धवट खाल्लेलं, खडबडीत झिंक म्हणजे ते आपलं काम करत होतं. ह्याचं झिंकही राखाडी रंगवलेलं होतं, आणि रंग मारला की झिंकला पाणीच लागत नाही, ते निरुपयोगी होतं. मग खारं पाणी बॉडीला खातं.

शेवटचा फोटो पंख्यामागचा. शाफ्टवर हिरवट नायलॉनचा दोरा गुंडाळून, उष्णतेने वितळून काचेसारखा घट्ट झालेला. जाळ्याचा दोरा किंवा गरीचा तंगूस पंख्यात अडकला की मागे सरकत तेलाच्या सीलपर्यंत जातो आणि सील कापतो. तिथून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरतं. म्हणून मी आणखी एक फोटो मागितला. इंजिन रात्रभर उभं ठेवायचं, सकाळी गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू जरा सैल करायचा आणि पहिले थेंब पांढऱ्या कागदावर घ्यायचे. पाणी तेलापेक्षा जड, ते रात्रीत तळाशी बसतं, म्हणून पहिलेच थेंब बोलतात. तेल चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर सील गेलंय असं समजायचं.

तो फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने किंमत पंधरा हजारांनी उतरवली. बाबा म्हणाले, "ऱ्हवांदे." मला वाईट वाटलं, कारण पौर्णिमेला बारा दिवस उरले होते.

दुसरं इंजिन देवगडकडे मिळालं, त्याच ताकदीचं, किंमत ब्याण्णव हजार. जाहिरातीतला फोटो कसाही काढलेला, मागे कोंबडी आणि सुकत घातलेली जाळी. पण मी मागितलेले सगळे फोटो त्याच संध्याकाळी आले. टेपवर वीस इंच स्पष्ट दिसत होते. झिंक निम्मं खाल्लेलं. एका क्लॅम्पच्या स्क्रूला गंज होता, तो त्याने स्वतःहून दाखवला. सकाळी कागदावरच्या तेलाचा फोटो आला, काळपट पण स्वच्छ, दुधाळपणा नाही.

मग व्हिडिओ मागितला. सुरू करण्याआधी सिलिंडरवर हात ठेवून दाखवायचं, म्हणजे आधीच तापवून ठेवलेलं नाही हे कळतं. इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये, पाणी आडव्या पातीच्या वर. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपातलं रबर जळतं. तिसऱ्या दोरीला सुरू झालं आणि थोड्याच वेळात मागच्या भोकातून पाण्याची धार आली, जाडी न बदलता चालू राहिली.

एक गोष्ट मात्र कुठल्याही फोटोत येत नाही, ती म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमध्ये किती दाब धरला जातो ते. म्हणून टोकन न देता मेस्त्रीकाकांना घेऊन मी देवगडला गेले. त्यांनी आधी पट्टीवरचा नंबर फोटोतल्या नंबराशी आणि कागदपत्रांशी ताडला. मग दोन्ही प्लग काढून गेज लावलं. दोन्ही सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत होता. प्लगचा रंगही सारखा, कॉफीसारखा तपकिरी. क्लॅम्पच्या गंजलेल्या स्क्रूचे दोन हजार कमी करून नव्वद हजारांना सौदा झाला, आणि पैसे मी तिथेच उभी राहून दिले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबांनी इंजिन फळीवर चढवलं. पंखा काढून, शाफ्टला ग्रीस लावून, मगच परत बसवला.