तुम्ही विचारलंत म्हणून: भाव का नाही पाडला?

“बाजार पडला तेव्हा सगळ्या तेलवाल्यांनी भाव उतरवले. तुम्हीच का अडून बसलात? गिऱ्हाईक गेलं असतं म्हणजे?”

गेलंच की. थोडं गेलं, आणि त्यातलं काही परत आलं नाही. हे आधीच सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही भाव धरला आणि सगळं आपोआप निभावलं.

2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या. लाकडी घाण्यावरचं करडईचं तेल त्या वर्षी कोणाला परवडणार होतं? दुकानदार एकच सांगायचे, “ताई, तीस रुपये सोडा, आणि बाटलीवर ‘काटकसरीचं तेल’ असं काही लिहा.” आमच्या बाटलीवर तेव्हाही होतं आणि आजही आहे: फक्त करडई, लाकडी घाणा.

हिशेब अवघड नाही. दुकानाला आम्ही लिटरमागं 240 रुपये लावत होतो. एका लिटरला साडेतीन-चार किलो करडई लागते. दाणा, मजुरी, बाटली धरून आणि पेंडेचे पैसे वजा करून 180 रुपये पडायचे. उरायचे साठ. त्यातले तीस सोडले की उरतात तीस, म्हणजे पहिल्याइतकं कमवायला दुप्पट तेल विकायला हवं. पंधराएक किलोचा एक घाणा निघायला तास-सव्वा तास जातो. वेग वाढवला की तेल तापतं, आणि तेल तापू न देणं यावरच तर आमचा धंदा उभा होता. म्हणजे दुप्पट माल काढायचा तर घाणा पळवायचा, नाहीतर दुसरं तेल मिसळायचं. तीस रुपये सोडायचे म्हणजे पुढं हे आलंच.

तरी एका दुकानात भाव उतरलाच. भावजींनी मला न सांगता तीस रुपये सोडले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. बँकेचा हप्ता त्यांच्या डोळ्यांपुढं होता. दुकानदारानं आमच्या छापील किमतीवर हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. पंधरवड्यानं आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक बाई, शाळेत शिक्षिका, अर्धी बाटली घेऊन थेट घाण्यावर आल्या. चिठ्ठी अर्धवट सोललेली होती, खाली जुना आकडा दिसत होता. त्या म्हणाल्या, “वहिनी, खरं सांगा, यात काय मिसळलंय?”

मी म्हटलं, काहीच नाही. थंडीचे दिवस होते. बाटली रात्रभर बाहेर ठेवा म्हटलं, पामतेल असलं तर गोठेल. त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि सोयाबीन असलं तर?”

सोयाबीन गोठत नाही. माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी वाटीत नवं तेल काढून दिलं, त्यांनी वास घेतला, दोन्ही सारखेच निघाले. तरी जाताना म्हणाल्या, “मग इतकी वर्षं तीस रुपये जास्त कशाचे घेत होतात?”

तेल तेच होतं, तरी ते शुद्ध आहे की नाही हे घरी बसून कोणालाच ओळखता येत नाही. त्यांच्याकडं आमचा शब्द होता आणि तो भाव होता. भाव हलला तसा शब्दही हलला. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्याच आठवड्यात त्या दुकानातल्या चिठ्ठ्या मी स्वतः काढल्या. दुकानदार रागावला, काही महिने त्यानं माल घेतला नाही.

मग अर्धा लिटर आणि 200 मिलीच्या बाटल्या काढल्या. भाव लिटरच्याच हिशेबानं ठेवला, बाटलीचा वरखर्च आम्ही सोसला. दिवाळीच्या भेटपेट्या बंद केल्या, लांबच्या गावांना माल पाठवणं थांबवलं. बाटलीवरची ओळ बदलली नाही.

रोज वही पाहायचे. नाव तेच आणि माप घटलेलं असेल तर खिसा तंग आहे, थांबायचं. नाव गायब झालं आणि ते माणूस दुसऱ्या घाण्याचं तेल नेताना दिसलं, तर दोष मंदीचा नाही, आपल्या मालात किंवा वागण्यात काहीतरी आहे. आमच्या वहीत पहिला प्रकार जास्त होता. उलटं असतं तर भाव धरून काय उपयोग होता?

तेव्हा मी कोणालाही सांगायचे की भाव कधीच पाडू नये. आज तसं सरसकट सांगणार नाही. सुटं सोयाबीन तेल विकणाऱ्यानं शेजारच्या दुकानापेक्षा जास्त भाव धरला तर त्याचा धंदा बसेल. त्याच्या गिऱ्हाइकाला दोन्हीकडं एकच वस्तू मिळते. आणि आमचा हप्ता आणखी मोठा असता, तर मी चिठ्ठ्या काढायला गेले असते का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

भावजी अजून म्हणतात, “वहिनी, सगळ्या दुकानांत एकदम वीस उतरवले असते, दुष्काळापुरतेच असं बाटलीवर छापलं असतं, तर कोणी संशय घेतला नसता.” मी म्हणते, दुष्काळ संपल्यावर ते वीस परत कसे चढवले असते? यावर ते गप्प होत नाहीत, आणि मीही नाही.