ब्रीफमधला ‘उबदार’ खोडला: शॉर्टफिल्म, नोंद ४

एडिट लॉक झाल्यावर फिल्मचे रंग ठरवणाऱ्या कलरिस्टला जो पहिला ब्रीफ पाठवला, त्यात स्वयंपाकघराच्या सीक्वेन्सपुढे दोनच शब्द होते: ‘उबदार, आठवणीतलं’. पहिला पास आला आणि मी गप्पच झालो. पंचवटीतल्या वाड्यातली पहाट, आजी चहा टाकतेय, नातू निघायच्या घाईत. पडद्यावर मात्र सगळं केशरी. आजीचा चेहरा आणि मागचा तांब्याचा हंडा एकाच रंगाचे, हिरवी नऊवारी मेंदीसारखी, आणि खिडकीतल्या पहाटेची चक्क संध्याकाळ झालेली.

चूक कलरिस्टची नव्हती. शूटला मी व्हाइट बॅलन्स मुद्दाम ४३०० केल्विन ठेवला होता. बल्ब पिवळा आणि खिडकी निळसर, दोन्ही हवं होतं. हे तिला सांगितलंच नाही, तर तिने ‘उबदार’ वाचून अख्खी फ्रेम गरम केली. त्वचा आणि तांबं मुळातच जवळच्या छटांचे. फ्रेम आणखी गरम केली की रंगछटा मोजून दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर दोघांचा एकच गठ्ठा होतो.

नव्या ब्रीफमध्ये विशेषणं काढली आणि फ्रेममध्ये काय दिसायला हवं ते लिहिलं:

‘वेळ पहाटे साडेपाच. पिवळा उजेड फक्त बल्बचा, तो आजीच्या डाव्या गालापर्यंत. खिडकी निळसरच राहू दे. कोपरे काळोखात गेले तरी चालतील, पण चुलीमागच्या भिंतीचा पोत दिसावा. नऊवारीचा हिरवा हलवू नये. नातू दाराशी जातो तिथून थंडपणा वाढत जावा, कारण पुढचा कट घाटावरचा आहे.’

सोबत टाइमकोड, आणि एकच रेफरन्स स्टिल. त्याखाली एक ओळ: ‘यातल्या सावल्यांची खोली घे, रंग नको.’ आधी मी सहा स्टिल्स पाठवली होती, प्रत्येकाचा मूड वेगळा. तिने तरी त्यातून काय उचलायचं?

रामकुंडाचा सीक्वेन्स दोन सकाळी शूट झालाय, एक ढगाळ, दुसरी उन्हाची. तिथे एवढंच लिहिलं की ढगाळ शॉट मूळ धरायचा आणि उन्हाचे त्याला जुळवायचे. कॉन्ट्रास्ट आणि गरमी उतरवता येते, पण पायऱ्यांवरच्या कडक सावल्या ग्रेडमध्ये पुसता येत नाहीत. म्हणून तसे दोन वाइड शॉट एडिटमधूनच काढले. लॉक उघडावं लागलं, एडिटर दोन दिवस बोलत नव्हता.

दुसरा पास काल आला. तो फोनवर बघायचा मोह आवरला, तिच्या कॅलिब्रेटेड मॉनिटरसमोर जाऊन बसलो. खिडकी निळी, नऊवारी पोपटी. हंडा अजून चेहऱ्याच्या आधी डोळ्यात भरतोय. त्यावर विंडो लावून, म्हणजे फ्रेमचा तेवढाच भाग निवडून, थोडा खाली घ्यायला सांगितलंय.