गोटा नदीचा की डोंगराचा?

मी पुरंदर तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. विदारण, झीज आणि संचयन हे तीन शब्द मुलं पाठ करतात आणि पेपरात अदलाबदल करून लिहितात. म्हणून ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप मिळाली तसा आख्खा वर्ग घेऊन शाळेमागच्या रस्त्यावर गेले, तिथे रस्त्यासाठी टेकडी कापलीय.

कापलेल्या भिंतीत पिवळसर मुरूम आणि त्यात फुटबॉलएवढे गोल गोटे. एक मुलगा म्हणाला, "बाई, इथून आधी नदी वाहत असणार, तिनेच दगड गोल केलेत." उत्तर चुकलं होतं, पण विचार इतका छान होता की मला लगेच चूक म्हणवेना. म्हटलं, जरा नखाने खरवड बरं. तर कांद्यासारखा पापुद्रा हातात आला, त्याखाली अजून एक, आणि आत काळा घट्ट बेसॉल्ट.

मग तिथेच उभ्याने सांगितलं. लाव्हा थंड होताना खडकाला भेगा पडल्या, त्यातून पाणी शिरलं, दगडातलं लोह गंजलं म्हणून तो पिवळा-तांबूस झाला. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकाच बाजूने लागतं पण कोपऱ्याला तीन बाजूंनी, म्हणून कोपरे आधी कुजतात आणि मधला भाग गोल उरतो. दगड तिथल्या तिथेच आहे, कुठे हललेला नाही, फक्त सैल झालाय, आणि हेच विदारण. घरी गेटचा पत्रा जागेवरच गंजून पापुद्रे सुटतात ना, तसंच.

त्याच उतारावर रात्रीच्या पावसाने वीतभर खोल ओघळ पाडले होते. तिथला मुरूम उचलला जाऊन पुढे गेला होता, म्हणजे झीज झाली. पागोळ्यांखाली अंगणात खड्डे पडतात तेही हेच. आणि खाली मोरीपाशी उतार संपून पाणी मंदावलं तिथे आधी खडे, मग रेती आणि सगळ्यात शेवटी मऊ चिखल, असं क्रमाने पडलेलं होतं, कारण जोर कमी होत गेला की पाणी जड माल आधी टाकतं. हे संचयन.

एका मुलीने विचारलं, मग नदीतले दगड गोल होतात ते विदारण की झीज? मी म्हटलं झीज, कारण ते वाहताना एकमेकांवर घासतात. पण नुसत्या आकारावरून फसायला होतं हे मात्र खरंय.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा कऱ्हेतला एक गोटा घेऊन आला, टेबलावर टेकडीतल्या गोट्याशेजारी ठेवला आणि म्हणाला, "बाई, ह्याला पापुद्रेच नाहीत, कितीही खरवडा."